एकाच दिशेच्या दोन असमानतांची बेरीज चालते, मग वजाबाकी का चालत नाही?

सायली_सांगली

मी अकरावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. या आठवड्यात वर्गात हे गणित दिलं होतं:

१० ≤ x + y ≤ १२
२ ≤ x − y ≤ ४

x आणि y प्रत्येकी कुठून कुठपर्यंत जाऊ शकतात ते शोधायचं. x सगळ्यांना आला. दोन्ही ओळींची बेरीज केली, y उडाला, १२ ≤ २x ≤ १६ मिळालं, म्हणजे x ६ ते ८. मग y साठी एका मुलीने तितक्याच सरळपणे वरच्या ओळीतून खालची ओळ वजा केली. डावीकडे १० − २ = ८, मधे २y, उजवीकडे १२ − ४ = ८. तिच्या वहीत ८ ≤ २y ≤ ८ आलं आणि खाली तिने चौकटीत y = ४ लिहिलं.

हे चूक आहे हे दाखवायला वेळ लागला नाही. x = ७, y = ३ घेतलं की बेरीज १० येते आणि वजाबाकी ४. दोन्ही अटी पाळल्या गेल्या आणि y काही ४ नाही. तिला ते लगेच पटलं. पण तिचा पुढचा प्रश्न असा होता: "मॅडम, बेरीज केली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. समीकरणांमध्ये तर आपण बेरीज आणि वजाबाकी दोन्ही करतो. मग इथे एक चालतं आणि एक चालत नाही, असं का?"

प्रतिउदाहरण दिलं की चूक सिद्ध होते, पण "का" शिल्लक राहतो. "असा नियम आहे" हे उत्तर मला तिला द्यायचं नाही. एकदा दिसलं की पुन्हा पाठ करावं लागणार नाही असं कारण हवं आहे. तुम्ही कसं समजावता?

---

पारिजात

सायलीताई, माझ्या माहितीप्रमाणे वजाबाकी चालते. दोन्ही बाजूंमधून एकच संख्या वजा केली तर असमानतेचं चिन्ह बदलत नाही. ८ > ५ असेल तर दोन्हीकडून १०० वजा करा, −९२ > −९५ राहतं, ते खरंच आहे. चिन्ह फक्त ऋण संख्येने गुणताना किंवा भागताना उलटतं. मुलीला हा फरक सांगा.

---

सायली_सांगली

पारिजात, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण तो वेगळा प्रसंग झाला. तुमच्या उदाहरणात दोन्ही बाजूंमधून सारखेच १०० गेले. माझ्या विद्यार्थिनीने डावीकडून २ काढले आणि उजवीकडून ४. दोन बाजूंमधून वेगवेगळ्या रकमा जातात तेव्हा काय होतं, हा प्रश्न आहे.

---

किल्लेदार

सायली, तुम्ही आत्ता जे लिहिलंत त्यातच उत्तर आहे असं मला वाटतं.

a > b आहे. आता c > d ही दुसरी असमानता त्यात मिळवायची. a च्या बाजूला c टाकला, b च्या बाजूला d टाकला. जी बाजू आधीच मोठी होती तिलाच जास्त मिळालं. ती मोठीच राहणार, त्यात शंका घ्यायला जागा नाही.

वजाबाकीत a मधून c जातो आणि b मधून d. म्हणजे मोठ्या बाजूतून जास्त काढलं आणि लहान बाजूतून कमी. आता मोठी बाजू मोठी राहील याची हमी कोण देणार? किती जास्त काढलं त्यावर ते अवलंबून.

५ > ४
७ > १

वजा करा: डावीकडे −२, उजवीकडे ३. आणि −२ > ३ हे धादांत खोटं. ५ आणि ४ मध्ये अंतर होतं फक्त १ चं, आणि आपण डावीकडून ६ जास्त काढले.

---

उंबरठा

किल्लेदार, तुमच्या उदाहरणात उत्तर ऋण आलं म्हणून गडबड झाली. सगळ्या संख्या धन असतील आणि वजाबाकीही धन राहत असेल तर अडचण येत नाही. आणि नाहीच जमलं तर वजा केल्यावर चिन्ह उलटं करायचं, कारण वजाबाकी म्हणजे −१ ने गुणून बेरीजच. आम्ही शाळेत असंच केलं आहे.

---

किल्लेदार

उंबरठा, धन संख्याच घेऊ. १० > ९ आणि ८ > २. वजा केल्यावर २ आणि ७, दोन्ही धन. २ > ७ होत नाही.

चिन्ह उलटं करायचं म्हणाल तर ९ > ४ आणि ६ > ५ घ्या. वजा केल्यावर ३ आणि −१. इथे चिन्ह न उलटता ३ > −१ खरं आहे. उलटलं तर चूक होईल. म्हणजे कधी सरळ खरं, कधी उलटं खरं. ५ > ३ मधून ४ > २ वजा केलं तर १ आणि १ उरतात, तिथे दोन्ही चिन्हं खोटी.

---

दशांश

किल्लेदारांनी पाया घातला आहे, त्यावरच पुढे लिहितो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेशन्स रिसर्च शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी नव्या चेहऱ्याने समोर येतो.

असमानता ही दोन संख्यांमधल्या अंतराबद्दलची माहिती आहे, असं मुलांना पाहायला लावावं. a > b याचा अर्थ a − b ही धन संख्या आहे. तिला p म्हणू. c > d याचा अर्थ c − d धन आहे, तिला q म्हणू. p आणि q किती आहेत ते आपल्याला ठाऊक नाही. दोन्ही शून्यापेक्षा मोठे आहेत, एवढंच ठाऊक.

बेरीज केली की नव्या दोन बाजूंमधलं अंतर होतं (a + c) − (b + d), म्हणजेच p + q. दोन धन संख्यांची बेरीज धनच. p, q किती हे माहीत नसूनही निष्कर्ष पक्का.

वजाबाकी केली की अंतर होतं (a − c) − (b − d), म्हणजेच p − q. दोन धन संख्यांची वजाबाकी काहीही येऊ शकते. ती धन येण्यासाठी p हा q पेक्षा मोठा हवा, आणि ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितलेलीच नाही. किल्लेदारांची सगळी उदाहरणं यात बसतात. ५ > ४, ७ > १ मध्ये p = १, q = ६, अंतर −५. ९ > ४, ६ > ५ मध्ये p = ५, q = १, अंतर ४. शेवटच्यात p आणि q दोन्ही २, अंतर शून्य.

उंबरठा यांचं एक वाक्य मात्र अर्धं फार मोलाचं आहे: वजाबाकी म्हणजे −१ ने गुणून बेरीज. अगदी बरोबर. फक्त −१ ने कोणाला गुणलं ते पाहायला हवं. गुणायचं ते दुसऱ्या असमानतेला, आणि चिन्ह तिचंच उलटतं, उत्तराचं नाही. c > d ला −१ ने गुणलं की −d > −c होतं. आता ही आणि a > b एकाच दिशेच्या झाल्या, बेरीज करा:

a − d > b − c

मोठ्यातून लहान वजा, लहानातून मोठा वजा. ५ > ४ आणि ७ > १ वर पाहा: ५ − १ = ४, ४ − ७ = −३, आणि ४ > −३ खरं.

सायलीताईंच्या गणितात दुसरी ओळ उलटी केली की −४ ≤ −(x − y) ≤ −२. हिची वरच्या ओळीशी बेरीज केली की ६ ≤ २y ≤ १०, म्हणजे y ३ ते ५. दोन्ही टोकं खरोखर गाठता येतात. x = ७, y = ३ तुम्ही दिलंच आहे, आणि x = ७, y = ५ घेतलं तर बेरीज १२, फरक २.

तिच्या समीकरणांच्या शंकेचं उत्तरही इथेच आहे. समीकरणात p = ० आणि q = ०. बेरीज केली तरी शून्य, वजाबाकी केली तरी शून्य. तिथे अंतराबद्दल आपल्याला सगळं माहीत असतं, इथे फक्त त्याचं चिन्ह माहीत असतं.

---

भोसरीकर

गणिताचा माणूस नाही, टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला आहे. पण हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की हे तर आमचं रोजचं काम आहे.

ड्रॉइंगवर २५ H7/g6 असं लिहिलेलं असतं. म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर आणि त्यात जाणारा शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. आता क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली मोकळी जागा, किती? नवीन आलेली बहुतेक मुलं सायलीताईंच्या विद्यार्थिनीसारखंच करतात. लहानातून लहान, २५.००० − २४.९८० = ०.०२०. मोठ्यातून मोठा, २५.०२१ − २४.९९३ = ०.०२८. आणि सांगतात, २० ते २८ मायक्रॉन.

प्रत्यक्षात सगळ्यात घट्ट जोडी कधी होते? बोअर सगळ्यात लहान आणि शाफ्ट सगळ्यात जाड असेल तेव्हा. २५.००० − २४.९९३ = ०.००७. सगळ्यात सैल जोडी म्हणजे मोठ्यात मोठा बोअर आणि बारीकात बारीक शाफ्ट, २५.०२१ − २४.९८० = ०.०४१. म्हणजे ७ ते ४१ मायक्रॉन. कुठे २० ते २८ आणि कुठे ७ ते ४१.

ही चूक कागदावर राहिली तर गेजवर कळत नाही. बोअरमध्ये प्लग गेजची गो बाजू जाते, नो-गो जात नाही. शाफ्टही त्याच्या गेजमधून बरोबर पास होतो. दोन्ही पार्ट ओके. कळतं ते असेंब्लीला. एक शाफ्ट तेल लावून हलकेच दाबत आत सरकवावा लागतो आणि दुसरा हाताला खेळ जाणवेल इतका सैल. मग ओरड होते की पार्ट चुकले. पार्ट बरोबर असतात, क्लिअरन्सचा हिशोब चुकलेला असतो.

---

चैतन्य_सीईटी

भोसरीकर काका, भारी उदाहरण. पण लहान बोअरला लहान शाफ्ट आणि मोठ्या बोअरला मोठा शाफ्ट असं निवडून लावलं तर? मग तर सरळ वजाबाकी बरोबर येईल ना?

---

भोसरीकर

तसं करतात. जिथे एवढा फरक परवडत नाही तिथे पार्ट मोजून गट पाडतात आणि गटाला गट लावतात. समज, याच मापांचे दोन गट केले. लहान गटात बोअर २५.००० ते २५.०१० आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९८६. मोठ्या गटात बोअर २५.०११ ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८७ ते २४.९९३.

पण गटाच्या आत कुठला बोअर कुठल्या शाफ्टला मिळेल ते माहीत नाहीच. म्हणून तिथेही हिशोब तिरकाच. लहान गटात २५.००० − २४.९८६ = ०.०१४ पासून २५.०१० − २४.९८० = ०.०३० पर्यंत. मोठ्या गटात १८ ते ३४. दोन्ही मिळून १४ ते ३४. आधीच्या ७ ते ४१ पेक्षा बरंच आवरलं, पण तुझे २० ते २८ काही आले नाहीत. गट जितके बारीक कराल तितकं आवरत जाईल, पण तेवढी मोजणी आणि डबेही वाढतात.

---

दशांश

भोसरीकर, हे उदाहरण मी वर्गात वापरणार. तुमच्या आकड्यांत एक तपासणी लपलेली आहे, ती मुलांच्या हाताशी असावी.

बोअरचा पट्टा किती रुंद? २१ मायक्रॉन. शाफ्टचा? १३. क्लिअरन्सचा बरोबर पट्टा ७ ते ४१, रुंदी ३४, म्हणजेच २१ + १३. चुकीचा पट्टा २० ते २८, रुंदी ८, म्हणजेच २१ − १३. दोन अनिश्चित गोष्टींची बेरीज करा की वजाबाकी, अनिश्चितता वाढतेच. वजाबाकीने ती कमी झालेली दिसली की समजावं, टोकांच्या जोड्या चुकल्या.

सायलीताईंच्या गणितात दोन्ही पट्टे २ रुंदीचे. २y चा पट्टा ६ ते १०, रुंदी ४, ठीक. त्या मुलीच्या पट्ट्याची रुंदी २ − २ = ०, म्हणून तर तिला नेमकं एकच उत्तर मिळालं. दोन सैल अटींमधून एकदम काटेकोर y = ४ निघाला, इथेच हात थबकायला हवा होता.

सायलीताई, पुढच्या वेळी आकडे थोडे बदलून द्या: १० ≤ x + y ≤ ११ आणि २ ≤ x − y ≤ ५. सरळ वजाबाकी करणाऱ्याच्या वहीत ८ ≤ २y ≤ ६ येईल. अशी कुठलीच संख्या नसते, त्यामुळे चूक स्वतःच ओरडून सांगेल. तुमच्या आकड्यांत ती लपून राहिली, कारण दोन्ही पट्टे सारख्या रुंदीचे होते.

---

सायली_सांगली

दशांश सर, p − q ची मांडणी उद्याच फळ्यावर लिहिते. आणि रुंदीच्या तपासणीबद्दल खास आभार, ते माझ्या डोक्यात नव्हतं.

तुमचं वाचल्यावर आलेखाच्या कागदावर सगळ्या अटी काढून पाहिल्या. चार रेषांमधे एक तिरका चौकोन तयार होतो. त्याचे कोपरे (६, ४), (७, ३), (८, ४) आणि (७, ५). आता त्या मुलीने नेमकं काय केलं ते दिसलं. दोन्ही ओळींची खालची टोकं एकत्र घेतली की आपण (६, ४) वर असतो. दोन्ही वरची टोकं एकत्र घेतली की (८, ४) वर. डावा आणि उजवा कोपरा, आणि दोन्हीकडे y = ४! तिने कळत नकळत हे दोनच कोपरे पाहिले. x शोधताना हेच दोन कोपरे कामाचे होते, म्हणून बेरीज बरोबर आली. y साठी खालचा आणि वरचा कोपरा पाहायला हवा होता, आणि तिथे एका ओळीचं खालचं टोक दुसरीच्या वरच्या टोकाबरोबर जातं.

---

चैतन्य_सीईटी

मी सीईटीची तयारी करतोय, म्हणून विचारतो. x ६ ते ८ आणि y ३ ते ५ हे कळलं. आता या दोघांची बेरीज केली तर x + y ९ ते १३ येतं. पण गणितातच दिलंय की x + y १० ते १२ आहे. बेरीज तर चालते म्हणालात. मग हे काय झालं?

---

दशांश

चैतन्य, फार चांगला प्रश्न. बेरीज चुकलेली नाही. x + y १० ते १२ मध्ये असेल तर ते ९ ते १३ मध्येही आहेच. विधान खरं आहे, फक्त सैल झालंय.

सैल का झालं ते सायलीताईंच्या चौकोनावर बघ. x ६ ते ८ आणि y ३ ते ५ म्हटल्यावर आपण त्या तिरक्या चौकोनाभोवती एक सरळ पेटी आखली. पेटीचा डावा खालचा कोपरा x = ६, y = ३. तिथे बेरीज ९ येते, पण तो बिंदू मूळ चौकोनात नाहीच. x सहा असेल तेव्हा y चारच असावा लागतो. x आणि y एकमेकांना बांधलेले होते. आपण त्यांची उत्तरं वेगवेगळी लिहिली तेव्हा ती गाठ सुटली.

बेरीज हा एकेरी रस्ता आहे. दोन असमानतांमधून तिसरी निघते, पण तिसरी आणि पहिली हाती असली तरी त्यांवरून दुसरी परत मिळत नाही. समीकरणांत मिळते, म्हणून ही सवय तिथून चिकटते.

परीक्षेत याचा फटका कसा बसतो ते बघ. याच अटींवर विचारलं, ३x − y किती ते किती? पेटीवरून काढलंस तर ३ × ६ − ५ = १३ पासून ३ × ८ − ३ = २१. तिरकी वजाबाकी अगदी नियमाने केलीस, तरी १३ कधीच गाठलं जात नाही. त्याऐवजी ३x − y हे (x + y) + २(x − y) असं लिही. पहिला भाग १० ते १२, दुसरा ४ ते ८, बेरीज १४ ते २०. कोपऱ्यांवर तपास: (६, ४) ला १४, (८, ४) ला २०. दोन्ही टोकं खरी. दिलेल्या ओळी आहेत तशा ठेवून त्यांच्यातूनच हवं ते जुळवायचं, x आणि y सुटे करून पुन्हा जोडायचे नाहीत.

---

उंबरठा

सगळं वाचलं. −१ ने गुणायचं ते दुसऱ्या ओळीला, हा मुद्दा मान्य. पण सायलीताई, मुलांना एवढं सांगण्यापेक्षा "तिरकी वजाबाकी करा" एवढं एक वाक्य द्यावं. लहानातून मोठा, मोठ्यातून लहान. परीक्षेत वेळ नसतो. भोसरीकरांच्या कारखान्यातही मुलं तेच शिकतात ना?

---

सायली_सांगली

माझं मन मात्र उलटं सांगतं. "तिरकी वजाबाकी" म्हटलं की मुलं तिरकं करायला बेरजेतही लागतील, किंवा ओळीत एकच चिन्ह असेल तेव्हा तिरकं म्हणजे काय ते समजणार नाही. मी वर्गात वजाबाकी हा शब्दच बंद करणार आहे. ओळ उलटी करा, चिन्ह उलटवा, मग बेरीज करा. एक ओळ जास्त लिहावी लागते, पण चूक व्हायची जागा राहत नाही.

---

भोसरीकर

आमच्याकडे तिरकंच शिकवतो, कारण तिथे मूल हातात दोन्ही पार्ट घेऊन उभं असतं. "सगळ्यात घट्ट जोडी कोणती?" विचारलं की ते स्वतःच लहान बोअर आणि जाड शाफ्ट उचलतं. वहीत पार्ट नसतात, तिथे ताई म्हणतात ते बरं पडेल कदाचित.

---

दशांश

मी ताईंच्या बाजूने. नुसत्या बेरजेने काम भागतं, हे गणितात सिद्ध झालेलं आहे म्हणून.

असमानतांच्या संचातून एखादं चल काढून टाकायची पद्धत फूरिये यांनी १८२० च्या दशकात मांडली आणि मॉटझ्किन यांनी १९३६ च्या प्रबंधात ती पुन्हा स्वतंत्रपणे उभी केली. आज ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात वजाबाकी कुठेच नाही. असमानतांना धन संख्येने गुणायचं आणि बेरीज करायची, एवढ्या दोनच क्रिया. आणि फार्कश यांच्या १९०२ च्या प्रमेयावरून कळतं की रेषीय असमानतांचा संच एकत्र खरा होऊच शकत नसेल, तर याच दोन क्रियांनी ० < ० सारखा उघड विरोध काढता येतो. म्हणजे बेरीज पुरते. वजाबाकी बंद केल्याने काहीच हातचं जात नाही.

त्यातून बारावीच्या एलपीपीत, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या गणितांत, उपयोगी पडेल अशी गोष्ट निघते. समजा

x + y ≤ १२
३x + y ≤ २०

मुलं दुसऱ्यातून पहिली वजा करून y उडवतात आणि २x ≤ ८, म्हणजे x ≤ ४ लिहितात. x = ६, y = ० घेऊन बघा. ६ ≤ १२ आणि १८ ≤ २०, दोन्ही अटी पाळल्या, तरी x सहा आहे. चूक कुठे? दोन्ही ओळींत y अधिक चिन्हाचा आणि दिशा एकच. बेरजेने तो उडणार कसा? अशा दोन ओळींमधून y उडवताच येत नाही. त्याला उडवायला −y असलेली, याच दिशेची ओळ लागते. गणितात y ≥ ० दिलं असेल तर तीच −y ≤ ० म्हणून कामाला येते. दुसरीत मिळवा, ३x ≤ २० मिळेल. ते खरं. आणि y ≥ ० दिलेलंच नसेल तर या दोन ओळींवरून x ला वरून काही बांधच नाही, y हवा तितका ऋण घ्या आणि x हवा तितका मोठा.

---

पारिजात

हा शेवटचा मुद्दा वाचून माझ्या भाच्याची वही काढली. त्याने एलपीपीत नेमकं हेच केलंय. पण उत्तर पुस्तकाशी जुळलं होतं, म्हणून कोणी काही बोललं नाही.

---

दशांश

जुळू शकतं, पारिजात. दोन रेषा छेदतात तो बिंदू काढताना तो समीकरणं वापरत असतो. ३x + y = २० मधून x + y = १२ वजा करून x = ४, y = ८, हे एकदम योग्य. कोपरा तोच आणि उत्तरही तिथेच असेल तर गुण मिळतात. पण त्याच्या वहीत "=" आहे की "≤" ते पाहा. "=" असेल तर त्याने कोपरा शोधला. "≤" असेल तर त्याने x चारपेक्षा मोठा होऊ शकत नाही असं खोटं विधान लिहिलं, आणि पुढच्या गणितात ते अंगाशी येईल.

---

चैतन्य_सीईटी

एक राहिलं. एका ओळीत < असेल आणि दुसऱ्या ओळीत ≤, तर बेरजेत काय लिहायचं? मी प्रत्येक वेळी अडतो.

---

किल्लेदार

दशांश सरांचे p आणि q घे. < वाल्या ओळीत अंतर शून्यापेक्षा नक्की मोठं. ≤ वाल्या ओळीत शून्यही चालतं. बेरीज शून्य होईल का? नाही, कारण त्यातलं एक तरी शून्य नाही. म्हणून बेरजेत <.

दोन्ही ओळींत ≤ असेल तर ≤. पण तेव्हा समान चिन्ह खरंच गाठलं जातं का ते वेगळं तपासावं लागतं, कारण दोन्ही टोकं एकाच वेळी गाठणारा बिंदू असायला हवा. सायलीताईंच्या गणितात तो होता. दरवेळी असेलच असं नाही. तीन-चार अटी एकत्र असतील तर हे पटकन कसं ओळखायचं, यावर मला अजून सोपी युक्ती सापडलेली नाही. कोणाकडे असेल तर लिहा.